सॅच्युरेशन दोघांचंही ८२, मग ऑक्सिजनने एकच का सुधारला?

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, रुजू होऊन दोन महिने झालेत. परवाच्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

शेजारशेजारच्या दोन खाटा, दोघांचंही ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ८२. पहिले गृहस्थ पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे. दुखतंय म्हणून मॉर्फिन दिलेलं, गुंगीत होते आणि मिनिटाला जेमतेम सात श्वास. दुसऱ्यांना उजव्या बाजूचा न्यूमोनिया, धाप लागलेली, मिनिटाला चौतीस श्वास. पहिल्यांना साधा मास्क लावला, दोन मिनिटांत ९८. दुसऱ्यांना पिशवीचा मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन दिला, तरी ९० च्या वर सरकेना.

दोघांचे ऑक्सिजन लावण्याआधीचे एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या दाबाचे आकडे, माझ्या वहीत आहेत, मिमी पाऱ्यात. पहिले: ऑक्सिजन ५५, कार्बन डायऑक्साइड ७२. दुसरे: ऑक्सिजन ४६, कार्बन डायऑक्साइड ३२. पुस्तकात चार कारणं दिली आहेत, ती मला पाठ आहेत: श्वासच कमी पडणं म्हणजे हायपोव्हेंटिलेशन, हवा आणि रक्त यांचा मेळ न बसणं म्हणजे मिसमॅच, रक्त हवेला न भेटताच पुढे जाणं म्हणजे शंट, आणि वायुकोशाच्या पडद्यातून ऑक्सिजन नीट पार न होणं म्हणजे डिफ्यूजनचा दोष. पण खाटेपाशी उभं राहून कुठलं कारण कुठलं, हे कसं ओळखायचं? समजावून सांगाल का कुणी?

अर्धविराम
सोपं आहे. ऑक्सिजन देऊन सुधारलं तर मिसमॅच, नाही सुधारलं तर शंट. आम्हाला असंच शिकवलंय. म्हणजे पहिले मिसमॅच, दुसरे शंट.

पायवाट
माझंही असंच काहीसं होतं. हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं, दोन जिने चढले की दम लागायचा. लोहाच्या गोळ्या घेऊन बरं वाटलं. या दोघांचं हिमोग्लोबिन तपासलं का? रक्तच कमी असेल तर ऑक्सिजन कुठून येणार?

भूलतज्ज्ञ
@अर्धविराम, दुसऱ्या रुग्णाबद्दल बरोबर आहात, पहिल्याबद्दल नाही. आणि ती चूक महागात पडू शकते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पहिल्यांचा हिशेब करू. समुद्रसपाटीला आपण जी हवा आत घेतो तिच्यात, वाटेत ओलसर झाल्यावर, ऑक्सिजनचा दाब साधारण १५० असतो. वायुकोशात पोचल्यावर तिथे रक्तातून येणारा कार्बन डायऑक्साइड जागा अडवतो. किती अडवतो? कार्बन डायऑक्साइडला ०.८ ने भागा. ७२ भागिले ०.८ म्हणजे ९०. १५० मधून ९० गेले, उरले ६०. म्हणजे या गृहस्थांच्या वायुकोशातच ऑक्सिजन फक्त ६० आहे. रक्तात किती मिळाला? ५५. फरक अवघा ५.

म्हणजे फुप्फुसाने आपलं काम चोख केलंय. जे समोर आलं ते जवळजवळ सगळं रक्तात उतरवलं. समोर आलंच कमी, कारण भाता हळू चाललाय. हे हायपोव्हेंटिलेशन.

आता दुसऱ्यांचा. ३२ भागिले ०.८ म्हणजे ४०. १५० वजा ४०, वायुकोशात ११०. रक्तात ४६. फरक ६४! वायुकोशात भरपूर आहे, पण रक्तापर्यंत पोचत नाही. दोष फुप्फुसातच आहे.

तेव्हा एबीजी हातात आला की आधी हा फरक काढायचा. ऑक्सिजन लावून काय होतं ते बघणं ही त्याच्या पुढची पायरी.

@पायवाट, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण रास्त आहे. हिमोग्लोबिन कमी असलं की रक्तातला एकूण ऑक्सिजन कमी होतो. मात्र जे काही हिमोग्लोबिन आहे ते पूर्ण भरलेलं असतं, त्यामुळे सॅच्युरेशन ९८ च दिसतं आणि एबीजीतला दाबही नेहमीसारखाच. गाड्या कमी, पण प्रत्येक गाडी भरलेली. इथे गाड्याच अर्ध्या रिकाम्या जाताहेत.

पायवाट
अच्छा! म्हणूनच माझं बोटावरचं यंत्र तेव्हाही ९८ दाखवायचं. मला वाटायचं यंत्रच बिघडलंय.

सुलभाताई
रात्रपाळी, बाळा, एक विचारते. त्या पहिल्या गृहस्थांचं ९८ झाल्यावर तुम्ही पुन्हा एबीजी केला का? मी हा प्रसंग एकदा पाहिलाय आणि त्या रात्रीनंतर मी कधीच नुसत्या सॅच्युरेशनवर निर्धास्त झालेले नाही.

रात्रपाळी
सुलभाताई, केला, पण तासाभराने. खरं सांगायचं तर ९८ बघून मी दुसऱ्या खाटेकडे वळले होते. तासाने डॉक्टर आल्या, त्यांनी हाक मारली तर गृहस्थ नीट डोळे उघडेनात. एबीजीत कार्बन डायऑक्साइड ८८. सॅच्युरेशन तेव्हाही ९८ च! मग मॉर्फिनवरचा उतारा नॅलॉक्सोन दिलं, दहा मिनिटांत श्वास चौदावर आले आणि ते बोलायला लागले. पण तो तास आठवला की अजून पोटात गोळा येतो.

भूलतज्ज्ञ
यात तुमच्या एकटीचा दोष नाही, हा सापळाच तसा आहे. हिशेबातच तो दिसतो. मास्कमधून समजा ३५ टक्के ऑक्सिजन जात होता. आत येणारा दाब १५० वरून २५० झाला. कार्बन डायऑक्साइड ८८ असताना तो ११० ची जागा अडवतो. उरले १४०. एकशे चाळीस म्हणजे सॅच्युरेशन उत्तमच येणार.

म्हणजे हायपोव्हेंटिलेशनमध्ये ऑक्सिजन दिला की आकडा हमखास सुधारतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. ऑक्सिजनशिवाय असता तर श्वास आणखी मंदावल्यावर सॅच्युरेशन घसरलं असतं आणि यंत्राने ओरडून सांगितलं असतं. ऑक्सिजनवर असताना ते ओरडत नाही. अशा रुग्णाचे श्वास स्वतः घड्याळ लावून मोजायचे, गुंगी किती आहे ते बघायचं, आणि सोय असेल तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ लावायचा. ऑक्सिजन द्यायचा नाही असं मी म्हणत नाही, ८२ वर कुणालाच ठेवता येत नाही. पण उपचार म्हणजे श्वास वाढवणं.

अर्धविराम
मान्य, पहिल्याच्या बाबतीत माझं चुकलं. म्हणजे सुधारलं तर मिसमॅच किंवा हायपोव्हेंटिलेशन. पण शंटचं माझं पक्कं आहे. शंटमध्ये ऑक्सिजनचा काडीचाही उपयोग होत नाही.

गणिती
मी वैद्यकातला नाही, यंत्रांशी संबंध असलेला माणूस आहे, पण धागा वाचताना एक शंका आली. दुसऱ्या गृहस्थांचं डावं फुप्फुस चांगलं आहे ना? शिवाय ते मिनिटाला ३४ श्वास घेताहेत, वर शंभर टक्के ऑक्सिजन. मग चांगल्या बाजूने जादा ऑक्सिजन घेऊन वाईट बाजूची भरपाई का होत नाही? कार्बन डायऑक्साइडची तर झालीय. तो ३२ म्हणजे नेहमीच्या ४० पेक्षाही कमी आहे. एकाच फुप्फुसात एका वायूची भरपाई होते आणि दुसऱ्याची होत नाही, हे कसं?

भूलतज्ज्ञ
@गणिती, फार नेमका प्रश्न विचारलात. बाकी सगळं याच्यावरच उभं आहे.

कारण हिमोग्लोबिनला मर्यादा आहे. चांगल्या भागातून निघालेलं रक्त साध्या हवेवरच ९८ टक्के भरलेलं असतं. तिथे दुप्पट हवा खेळवली तर ९९ होईल. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? वाईट भागातून मात्र रक्त ७५ टक्क्यांवर आलं तसंच पुढे जातं. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली की सरासरी ८७ च्या आसपास. ९९ ची बाजू ७५ च्या बाजूला वर ओढू शकत नाही.

कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो हवा वाढेल तितका बाहेर जात राहतो, तिथे अशी मर्यादा आड येत नाही. म्हणून चांगला भाग जोरात चालून दोन्ही भागांचा कार्बन डायऑक्साइड काढून टाकतो, पण दोन्ही भागांपुरता ऑक्सिजन आत घेऊ शकत नाही. म्हणूनच न्यूमोनियाच्या सुरुवातीला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइडही कमी, अशी जोडी दिसते.

आता मिसमॅच आणि शंट यांतला फरक. मिसमॅचमध्ये वाईट वायुकोशात हवा कमी जाते, पण जाते. पूर्ण ऑक्सिजन दिला की तिथला नायट्रोजन हळूहळू धुऊन निघतो आणि थोड्या मिनिटांत तो कोशही ऑक्सिजनने भरतो. शंटमध्ये वायुकोश पू, पाणी यांनी भरलेला किंवा मिटलेला असतो. तिथे हवा जातच नाही. बाहेर तुम्ही २१ टक्के द्या की शंभर, त्या रक्ताला पत्ताच नसतो.

@अर्धविराम, तरीही "काडीचा उपयोग नाही" हे मला पटत नाही. रात्रपाळींच्याच रुग्णाचं ८२ वरून ९० झालं ना? चांगल्या बाजूच्या रक्तात, हिमोग्लोबिन भरल्यावरही, द्रवात थोडा ऑक्सिजन विरघळतो. शंभर टक्क्यांवर तो दर १०० मिलि रक्तामागे सुमारे २ मिलि होतो. तेवढाच मिसळताना उपयोगी पडतो. हिमोग्लोबिन १५ आणि शरीर दर १०० मिलि रक्तातून ५ मिलि ऑक्सिजन वापरतं असं धरून मी गणित केलं. पूर्ण ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९० म्हणजे त्यांचं चाळीस टक्क्यांहून थोडं अधिक रक्त हवेला न भेटता जातंय. शंट एक तृतीयांश असता तर ९७ च्या आसपास दिसलं असतं आणि तुम्ही त्याला मिसमॅच म्हणून मोकळे झाला असता.

अर्धविराम
मग लहान शंट आणि मिसमॅच वेगळे ओळखायचे कसे? दोन्हीत सॅच्युरेशन ९७ दिसणार.

भूलतज्ज्ञ
सॅच्युरेशनवरून नाहीच ओळखता येत, एबीजीतला दाब बघावा लागतो. पूर्ण ऑक्सिजनवर वायुकोशात ६७० च्या वर दाब असतो. मिसमॅच असेल तर रक्तातही पाचशे-सहाशे दिसतात. एक तृतीयांश शंटमध्ये सॅच्युरेशन ९७ असेल, पण दाब शंभरच्या आसपास अडकलेला असेल. मात्र नुसती परीक्षा म्हणून शंभर टक्के लावून ठेवू नये. नायट्रोजन निघून गेला की हवा कमी मिळणारे काही कोश पूर्ण मिटतात आणि मिसमॅचचाच शंट होतो.

सुलभाताई
एवढी गणितं मला येत नाहीत, पण एक करून बघा. एकाच बाजूचा न्यूमोनिया असेल तर रुग्णाला चांगल्या कुशीवर वळवा, चांगलं फुप्फुस खाली. वाईट बाजू खाली घातली की सॅच्युरेशन कोसळतं, हे मी किती तरी वेळा पाहिलंय. तुमचे ते कुठल्या कुशीवर होते?

रात्रपाळी
ताई, ते उजव्या कुशीवरच होते! त्या कुशीवर छातीत कमी दुखतं म्हणून आपणहून वळायचे. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री डॉक्टरांना विचारलं आणि डाव्या कुशीवर घेतलं. दहा मिनिटांत ९० चं ९४ झालं. ऑक्सिजन तेवढाच. मी यंत्राकडे बघतच राहिले.

भूलतज्ज्ञ
सुलभाताईंना सलाम. रक्त वजनाने खालच्या बाजूला जास्त जातं. चांगली बाजू खाली घेतली की जास्त रक्त चांगल्या हवेपाशी जातं, म्हणजे शंटच कमी होतो. शंटमध्ये बाहेरून ऑक्सिजन वाढवून फार हाती लागत नाही. एकतर रक्त दुसरीकडे वळवावं लागतं, नाहीतर मिटलेले कोश दाबाने उघडावे लागतात. पालथं झोपवणं आणि यंत्राने श्वासाअखेरीस दाब ठेवणं यांचा उद्देश तोच.

एक अपवाद लक्षात ठेवा. एका फुप्फुसातून रक्तस्राव होत असेल तर उलटं, वाईट बाजू खाली. नाहीतर रक्त चांगल्या बाजूत उतरतं.

दोनमुलांचीआई
माझ्या मुलाला दमा आहे. गेल्या खेपेला इमर्जन्सीत नेलं तेव्हा सॅच्युरेशन ९३ होतं, नेब्युलायझर दिल्यावर ९० झालं. मी घाबरून औषध थांबवा म्हणून भांडले. पोराचा श्वास मात्र मोकळा वाटत होता. हे काय होतं? अजून कोडं आहे मला.

भूलतज्ज्ञ
हा मिसमॅचचा अगदी बोलका नमुना आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा कमी जाते तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळतं. शरीराची ही फार उपयुक्त सोय आहे. नेब्युलायझरमधलं सालब्युटामॉल श्वासनलिका उघडतं, पण त्या आकसलेल्या रक्तवाहिन्याही सैल करतं आणि हृदयाची गतीही वाढवतं. काही काळ वाईट भागात रक्त जास्त जातं, हवा मागून पोचते. त्या मधल्या वेळात आकडा दोन-चारने उतरू शकतो. म्हणून नेब्युलायझर ऑक्सिजनवर देतात. थोड्या ऑक्सिजनने तो भरून येतो, कारण हा शंट नाही.

फक्त एक सांभाळा. आकडा उतरला आणि मूल थकलेलं, गुंगीत, छातीतली शिट्टीही ऐकू येईनाशी झालेलं, तर ती वेगळी गोष्ट. तिथे श्वासच कमी पडायला लागलेला असतो आणि वेळ दवडायचा नसतो.

दोनमुलांचीआई
माझा मुलगा तेव्हा खेळणं मागत होता, म्हणजे पहिलाच प्रकार. आज समजलं. मनापासून आभार.

शेवंती
चौथ्या कारणाबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या वडिलांना फुप्फुस घट्ट होण्याचा आजार आहे, फायब्रोसिस. बसलेले असताना सॅच्युरेशन ९५. अंगणापर्यंत चालले की ८४. कार्बन डायऑक्साइड नेहमीच ठीक येतो. म्हणजे पडदा जाड झालाय आणि ऑक्सिजन पार होत नाही, असं समजू का? पण मग बसल्यावर कसा पार होतो?

भूलतज्ज्ञ
वेळेचा खेळ आहे. विश्रांतीत लाल पेशी वायुकोशाला चिकटून साधारण पाऊण सेकंद असते. निरोगी पडद्यातून ऑक्सिजन भरायला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच वेळ पुरतो, बाकीचा वेळ शिल्लक. पडदा जाड झाला तर भरायला जास्त वेळ लागतो, पण बसलेल्या माणसाकडे तो असतो. चालायला लागल्यावर हृदय जोरात चालतं, रक्त भरभर पळतं आणि पेशीचा मुक्काम पाव ते अर्ध्या सेकंदावर येतो. मग ती अर्धवट भरूनच पुढे जाते. कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या वीसेक पट सहज पार होतो, म्हणून तो अडत नाही.

ऑक्सिजन वाढवला की दोन्हींकडच्या दाबातला फरक वाढतो, पेशी लवकर भरते आणि आकडा सुधारतो. म्हणून अशा माणसाला चालतानाच्या मोजमापावरून ऑक्सिजन ठरवतात, बसलेला आकडा बघून नाही.

छातीवाला
श्वसनरोगात काम करतो. भूलतज्ज्ञांशी बव्हंशी सहमत, पण शेवंतींच्या वडिलांचं सगळं डिफ्यूजनवर टाकू नये. फायब्रोसिसमध्ये फुप्फुस सगळीकडे सारखं घट्ट होत नाही. काही भाग ताठ, काही बरे. म्हणून मिसमॅचही भरपूर असतो, आणि विश्रांतीत जे काही कमी होतं ते बहुतांशी त्यानेच. चालताना आणखी एक भर पडते. स्नायू ऑक्सिजन जास्त ओढून घेतात, त्यामुळे फुप्फुसात परत येणारं रक्तच जास्त रिकामं असतं. मिसमॅचच्या भागातून असं रक्त गेलं की सरासरी आणखी खाली येते. ८४ मधलं किती कुणाचं, हे साध्या तपासण्यांनी वेगळं करता येत नाही.

भूलतज्ज्ञ
हे मान्य. तरी परिश्रमातल्या घसरणीत डिफ्यूजनचा वाटा मला तुम्ही म्हणता त्यापेक्षा मोठा वाटतो, विशेषतः आजार पुढे गेल्यावर.

छातीवाला
असेल. इथे आपलं एकमत होणार नाही.

शेवंती
उपचार दोन्हींत तोच ना? चालताना ऑक्सिजन?

छातीवाला
हो, दोन्हींनाही ऑक्सिजन दाद देतो. सहा मिनिटं चालवून चाचणी करून घ्या आणि किती लिटरवर आकडा टिकतो ते तिथेच बघून घ्या.

रात्रपाळी
धागा काढला तेव्हा एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज स्वतः एक हिशेब केलाय, तपासा. नवीन रुग्ण, वय ६४, बरीच वर्षं विड्या ओढलेल्या, श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट आजार सीओपीडी. ऑक्सिजनशिवाय एबीजी: ऑक्सिजन ४८, कार्बन डायऑक्साइड ५८. ५८ भागिले ०.८ म्हणजे ७२.५. वायुकोशात ७७.५. फरक २९.५. कार्बन डायऑक्साइड वाढलेला आहे म्हणून मी आधी हायपोव्हेंटिलेशन लिहिलं. पण फरक तर पहिल्या गृहस्थांसारखा ५ नाहीये. मग हे कुठल्या खणात टाकू?

भूलतज्ज्ञ
दोन्ही खणांत. वय वाढतं तसा हा फरक थोडा वाढतोच. वयाचा चौथा भाग अधिक ४, असा ढोबळ अंदाज. चौसष्टला २० चालतील. तुमचा २९.५, म्हणजे हायपोव्हेंटिलेशन आहेच, पण त्याखाली मिसमॅचही आहे. नुसता श्वास वाढवून हे पूर्ण भरून येणार नाही.

अर्धविराम
आणि यांना ऑक्सिजन जास्त दिला तर श्वास घेण्याची ओढच जाते, बरोबर?

छातीवाला
तेवढंच कारण नाही. जादा ऑक्सिजन दिल्यावर, वर दम्याच्या मुलाच्या बाबतीत सांगितलेल्या त्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त हवा नसलेल्या भागात जाऊ लागतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवतं, म्हणून तो रक्तात वाढतो. श्वासाची ओढ कमी होण्याचा वाटा किती, यावर आमच्यातही वाद चालू असतो. रात्रपाळी, तुम्ही यांचं लक्ष्य ८८ ते ९२ ठेवा, ९८ च्या मागे लागू नका. आणि ऑक्सिजन लावल्यावर अर्ध्या तासाने एबीजी पुन्हा करायला डॉक्टरांना आठवण करा.

रात्रपाळी
लावला आहे, ऑक्सिजनचं प्रमाण नेमकं ठेवणारा व्हेंचुरी मास्क, २४ टक्के. सध्या ८९. अर्ध्या तासाचा गजर लावलाय. श्वास मी स्वतः मोजतेय.

सुलभाताई
शाब्बास. अर्ध्या तासाचा आकडा इथे कळव.